सी-अर्चिनच्या अंड्याचं पहिलं मिनिट: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रश्न पक्का झाला. अंड्यात एक शुक्राणू शिरला की बाकीच्यांना अंडं कसं अडवतं, आणि त्यातलं काय कितव्या सेकंदाला घडतं? मॅडमचा आग्रह दुसऱ्या भागावर आहे. "कसं ते पुस्तकात आहे, केव्हा ते घड्याळ लावून बघा," असं त्या म्हणाल्या.

प्राणी लायटेकायनस व्हेरिगेटस, म्हणजे आखूड काट्यांचा एक सी-अर्चिन. त्याचं अंडं जवळजवळ पारदर्शक आणि साधारण १०० मायक्रॉन व्यासाचं असतं. फलन शरीराबाहेर, समुद्राच्या पाण्यात होतं. त्यामुळे शुक्राणू कधी मिसळायचे ते आपल्या हातात राहतं आणि शून्य सेकंद कोणता याबद्दल वाद उरत नाही. उंदराच्या किंवा माणसाच्या अंड्यात ही सोय नाही.

आज फक्त अंडी आणि शुक्राणू मिळवण्याचा सराव केला. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड टोचलं की थोड्या वेळात पाठीवरच्या पाच छिद्रांतून स्राव सुटतो. पिवळसर, दाणेदार दिसला तर मादी आणि दुधासारखा पांढरा दिसला तर नर. टोचण्याआधी बाहेरून ओळखायचा भरवशाचा मार्ग नाही, त्यामुळे प्रत्येक प्राण्यासोबत थोडी उत्सुकता असते. मादीला पाणी भरलेल्या बीकरवर पालथं ठेवलं की अंडी आपोआप तळाशी बसतात. नराचा स्राव मात्र पाणी न लागू देता पिपेटने उचलून बर्फावर ठेवायचा. दाट, 'कोरड्या' अवस्थेत शुक्राणू निश्चल असतात आणि तासन्‌तास टिकतात. पाण्यात मिसळले की पोहू लागतात आणि थोड्याच वेळात त्यांची ताकद संपते. म्हणून पातळ द्रावण दर वेळी ताजं करायचं, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आहे.

८ जानेवारी

अंड्यांची तपासणी. कुठलाही प्रयोग सुरू करण्याआधी थोडी अंडी वेगळी काढून त्यांचं साधं फलन करून बघायचं. जवळजवळ सगळ्यांभोवती आवरण उचललं गेलं तरच ती मादी वापरायची. आज दोन माद्यांची अंडी चांगली निघाली.

तिसरीच्या अंड्यांत पुष्कळशी अपक्व होती. ती ओळखायला सोपी असतात. मधोमध मोठं, गोल, स्वच्छ केंद्रक दिसतं. पक्व अंड्यात केंद्रक लहान असतं आणि एका बाजूला असतं. जोडीदार ती बॅच टाकून देणार होता, पण मी थोडी अंडी स्लाइडवर घेऊन त्यांवर शुक्राणू सोडले. अपक्व अंड्यांभोवती आवरण उचललंच नाही. त्याऐवजी पृष्ठभागावर ठिकठिकाणी छोटे, पारदर्शक उंचवटे उभे राहिले. शुक्राणू आत ओढला जातो तिथे असा शंकू तयार होतो. पक्व अंड्यावर असा एकच शंकू असतो. इथे एकाच अंड्यावर तो कितीतरी ठिकाणी होता.

प्रकल्पाचं अर्धं उत्तर त्या एका स्लाइडवर होतं. पक्व अंड्यात पटलाच्या आतल्या बाजूला लागून कॉर्टिकल कणांचा थर असतो. एका अंड्यात असे सुमारे १५ हजार कण असतात, प्रत्येक साधारण एक मायक्रॉनचा. अपक्व अंड्यात हे कण अजून आत विखुरलेले असतात, पटलापाशी पोचलेले नसतात. शुक्राणू शिरतो, पण दार लावायचं सामान जागेवर नाही, म्हणून पाठोपाठ बाकीचेही शिरतात.

११ जानेवारी

आज शुक्राणूकडून सुरुवात. शुक्राणूच्या डोक्याच्या टोकाशी अ‍ॅक्रोसोम नावाची एक छोटी पिशवी असते. अंड्याभोवतीच्या जेलीला स्पर्श झाला की ती फुटते. हीच अ‍ॅक्रोसोम प्रतिक्रिया. सी-अर्चिनमध्ये ती पहिल्यांदा नीट दाखवली जीन क्लार्क डॅन यांनी, १९५२ मध्ये.

प्रयोगासाठी अंडी नको होती, फक्त त्यांची जेली हवी होती. समुद्राच्या पाण्याचा सामू ५ पर्यंत खाली आणून त्यात अंडी थोडा वेळ हलवली की जेली विरघळते. अंडी खाली बसू द्यायची, वरचं पाणी काढून घ्यायचं आणि त्याचा सामू पुन्हा ८ च्या आसपास आणायचा. हे झालं जेलीचं पाणी. ते ताज्या शुक्राणूंवर टाकलं, काही सेकंदांनी शुक्राणू फॉर्मल्डिहाइडने स्थिर केले आणि फॅलॉइडिनचा चमकणारा रंग दिला.

फॅलॉइडिन का, हे थोडं सविस्तर लिहून ठेवते. शुक्राणूच्या टोकाशी अ‍ॅक्टिन हे प्रथिन सुट्या मण्यांच्या रूपात साठवलेलं असतं. प्रतिक्रिया झाली की ते मणी एकमेकांना जोडून तंतू बनतात आणि त्या तंतूंच्या जोरावर टोकातून साधारण एक मायक्रॉन लांबीचा काटा बाहेर येतो. फॅलॉइडिन फक्त तंतूला चिकटतं, सुट्या मण्यांना नाही. म्हणून ज्याच्या टोकाशी चमकदार ठिपका दिसतो त्याची प्रतिक्रिया झालेली, ज्याच्या टोकाशी काही नाही त्याची नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हा काटा बघायचा प्रयत्न केला, पण डोळे दुखण्यापलीकडे हाती काही आलं नाही.

तीन नळ्या होत्या. साध्या समुद्राच्या पाण्यात थोडेच ठिपके दिसले. जेलीच्या पाण्यात बहुतेक डोकी ठिपकेवाली. तिसऱ्या नळीत जेली होती, पण पाण्यात कॅल्शियम नव्हतं आणि उरलंसुरलं बांधून टाकायला ईजीटीए घातलं होतं. तिथे जवळजवळ काहीच दिसलं नाही. जेलीतल्या सल्फेटयुक्त शर्करेची साखळी शुक्राणूच्या पटलावर बसते, तेव्हा बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. त्याच वेळी सोडियम आत येतं आणि हायड्रोजन आयन बाहेर जातात, त्यामुळे आतला सामू वाढतो. कॅल्शियममुळे पिशवी फुटते आणि वाढलेल्या सामूमुळे अ‍ॅक्टिन जुळतं. कॅल्शियमच नसेल तर गाडी पहिल्या पायरीवरच अडते.

काटा बाहेर येतो तेव्हा त्याच्यावर बाइंडिन या प्रथिनाचा लेप असतो. पिशवीत तेच भरलेलं असतं. अंड्याच्या पटलाला लागून व्हायटेलाइन थर असतो आणि त्यावरच्या ग्राहीला हे बाइंडिन चिकटतं. दुसऱ्या जातीच्या अंड्यावर ते सहसा नीट चिकटत नाही. समुद्रात एकाच पाण्यात अनेक जातींची अंडी आणि शुक्राणू तरंगत असताना ही ओळख कामाची.

१२ जानेवारी

कालच्या नळ्यांवरून जोडीदाराने एक साधा प्रश्न काढला. शुक्राणूंना आधीच जेलीचं पाणी देऊन 'तयार' करून ठेवलं, तर फलन जास्त होईल का? करून बघितलं. उलटं झालं. जेलीचं पाणी दिल्यावर काही मिनिटं थांबून अंड्यांवर सोडलेल्या शुक्राणूंनी फारच कमी अंडी फलित केली. त्याच नराचे न छेडलेले शुक्राणू व्यवस्थित काम करत होते.

प्रतिक्रिया झालेल्या शुक्राणूकडे वेळ फार थोडा असतो. बाइंडिन उघडं पडलेलं असतं आणि काटा पुन्हा आत घेता येत नाही. म्हणजे ही प्रतिक्रिया अंड्यापासून हाताच्या अंतरावर, जेलीतच व्हायला हवी. पुढच्या प्रत्येक प्रयोगासाठी यातून एक खबरदारी निघते. अंडी फार वेळ ठेवलेल्या पाण्यात जेली सुटलेली असते. त्या पाण्यात शुक्राणू पातळ केले तर ते अंड्यापर्यंत पोचण्याआधीच वाया जातात आणि मग आपण फलन कमी झाल्याचा दोष अंड्यांना देत बसतो.

१५ जानेवारी

आज घड्याळ. स्लाइडवर अंड्यांचा थेंब, बाजूने शुक्राणूंचा पातळ थेंब, कॅमेरा सुरू. चित्रफीत नंतर सेकंदासेकंदाने बघितली.

सुरुवातीला अंड्याभोवती शुक्राणूंची नुसती गर्दी दिसते. ते चिकटतात, शेपट्या हलवतात, काही वेळा अंडं हळूहळू गोल फिरू लागतं. मग त्यातल्या एकाची शेपटी थांबते. बाहेरून दिसणारी पहिली खूण हीच. त्यानंतर वीसेक सेकंद तरी अंड्यावर डोळ्याला दिसेल असं काही घडत नाही. पहिल्यांदा बघताना मला वाटलं फलन झालंच नाही. मग त्या ठिकाणी पटलापासून एक पातळ थर सुटताना दिसतो, जणू दुधावरची साय एका कडेने उचलावी. ही फट दोन्ही बाजूंनी अंड्याभोवती पसरत जाते आणि समोरच्या टोकाला येऊन मिळते. मिनिटभरात अंड्याभोवती स्वच्छ, गोल कडं तयार झालेलं असतं. हे फलन आवरण. चिकटलेले बाकीचे शुक्राणू त्या कड्याबरोबर पटलापासून दूर गेलेले असतात आणि नंतर गळून पडतात.

आतल्या घडामोडी अशा. शुक्राणूच्या जागी अंड्याच्या आतल्या साठ्यांतून कॅल्शियम सुटतं आणि त्याची लाट अंड्यातून पलीकडे जाते. ती जिथे पोचते तिथले कॉर्टिकल कण पटलाशी एकरूप होऊन आपला माल बाहेर ओततात. हीच कॉर्टिकल प्रतिक्रिया. मालात एक प्रथिन कापणारं एन्झाइम असतं. व्हायटेलाइन थर पटलाला धरून ठेवणारे दुवे ते तोडतं आणि बाइंडिनचे ग्राहीही छाटतं. दुसरं म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या. त्या पाणी ओढून घेतात, म्हणून सुटलेला थर फुगून वर उचलला जातो. तिसरं एक पेरॉक्सिडेज. ते थरातल्या प्रथिनांच्या टायरोसिन कड्यांना एकमेकांशी जोडतं आणि काही मिनिटांत आवरण टणक होतं. हायालिन नावाचं प्रथिन मात्र पटलालगत राहून वेगळा थर बनवतं. पुढे विभाजनातून होणाऱ्या पेशींना तोच एकत्र धरून ठेवतो.

पेरॉक्सिडेजला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं आणि ते अंडं स्वतःच, ऑक्सिजन वापरून तयार करतं. १९०८ मध्ये ओटो वारबुर्ग यांना दिसलं होतं की फलन होताच सी-अर्चिनच्या अंड्याचा ऑक्सिजनचा वापर एकदम वाढतो. त्या वाढीचा मोठा भाग श्वसनासाठी नसून या पेरॉक्साइडसाठी असतो, हे कळायला पुढची कित्येक दशकं जावी लागली.

१६ जानेवारी

शुक्राणू आणि अंडं, दोघांकडेही पिशव्या फोडायचं काम कॅल्शियम करतं. फरक कुठून येतं त्यात आहे. शुक्राणूला ते बाहेरून लागतं, हे ११ तारखेच्या तिसऱ्या नळीत दिसलं. अंड्याचं तपासायला ए२३१८७ हे आयनोफोर वापरलं. ते पटलांतून कॅल्शियम वाहून नेतं, आतल्या साठ्यांच्या पटलांतूनही.

शुक्राणू अजिबात नाहीत, फक्त आयनोफोर. अंड्यांभोवती आवरण उचललं. तेच कॅल्शियमविरहित पाण्यात केलं, तरी उचललं. स्टाइनहार्ट आणि एपेल यांनी १९७४ मध्ये हेच दाखवलं होतं, आज आमच्या स्लाइडवर बघायला मिळालं. म्हणजे अंड्याचा साठा आतच आहे आणि शुक्राणूचं काम तो उघडण्यापुरतं. एक फरक लक्षात आला. आयनोफोरने आवरण एका बिंदूपासून पसरत जात नाही, चोहोबाजूंनी जवळपास एकदमच सुटतं. लाट दिसते ती शुक्राणू एका जागी शिरतो म्हणून.

१९ जानेवारी

आता अडचणीचा हिशोब. आवरण पूर्ण उचलायला मिनिटभर लागतं, आणि पहिली वीस-तीस सेकंदं तर पटल अगदी उघडं असतं. तेवढ्या वेळात दुसरा का शिरत नाही?

कागदावर मांडून बघितलं. समजा शुक्राणू इतके दाट आहेत की एका अंड्यात सरासरी दर ३० सेकंदांनी एक यशस्वीपणे शिरू शकतो. पहिला शिरल्यावर ३० सेकंद काहीच अडथळा नसेल, तर त्या काळात आणखी एकही न शिरण्याची शक्यता `e^-1`, म्हणजे सुमारे ३७ टक्के. उरलेली ६३ टक्के अंडी एकापेक्षा जास्त शुक्राणूंची, म्हणजे पॉलिस्पर्मिक होतील. दाटी दुप्पट केली तर सुरक्षित अंडी `e^-2`, म्हणजे १४ टक्क्यांच्या आत. पण आमच्या साध्या स्लाइडवर अंड्याभोवती याहून दाट गर्दी असते आणि तरी बहुतेक अंडी नीट दोनात विभागतात. म्हणजे मधल्या वेळेत दुसरं काहीतरी काम करत असणार.

ते दुसरं म्हणजे वीज. अंड्याच्या पटलावर आत-बाहेर सुमारे -७० मिलिव्होल्टचा फरक असतो. शुक्राणू शिरताच सोडियम आत येतं आणि एक ते तीन सेकंदांत हा फरक +२० च्या आसपास जातो. तो साधारण मिनिटभर वर राहतो आणि मग खाली येतो. तोवर आवरण झालेलं असतं. लॉरिंडा जॅफ यांनी १९७६ मध्ये अंड्यात इलेक्ट्रोड घालून, बाहेरून प्रवाह देऊन हे तपासलं. फलन न झालेल्या अंड्याचं व्होल्टेज +५ च्या वर धरून ठेवलं तर शुक्राणू चिकटले, पण शिरले नाहीत. फलन झालेल्या अंड्याचं व्होल्टेज त्या पहिल्या मिनिटात पुन्हा -३० वर ओढलं, तर आणखी शुक्राणू आत गेले.

या प्रयोगाची मजा अशी की व्होल्टेजशिवाय दुसरं काही बदललं नव्हतं. रसायन तेच, पाणी तेच, अंडंही तेच.

२२ जानेवारी

इलेक्ट्रोड आमच्याकडे नाहीत. म्हणून सोडियम कमी करायचा मार्ग धरला. सोडियम क्लोराइडच्या जागी कोलिन क्लोराइड घालून कृत्रिम समुद्राचं पाणी केलं. क्षारता तेवढीच राहते, सोडियम नसतं. ते तीन भाग आणि नेहमीचं पाणी एक भाग मिसळलं की सोडियम ४९० मिलिमोलरवरून साधारण १२० वर येतं.

पूर्ण सोडियमविरहित पाणी का नको, यावर मॅडमनी तोंडीच परीक्षा घेतली. उत्तर शुक्राणूच्या बाजूचं आहे. सोडियम आत आणि हायड्रोजन आयन बाहेर, ही अदलाबदल झाली नाही तर शुक्राणूचा सामू वाढत नाही. मग तो नीट पोहतही नाही आणि अ‍ॅक्रोसोम प्रतिक्रियाही करत नाही. अशा पाण्यात फलनच होणार नाही, आणि वरवर बघणारा म्हणेल की पॉलिस्पर्मी शून्य, अडसर उत्तम!

जॅफ यांच्या १९८० च्या आकड्यांत सोडियम ४९० असताना २२ टक्के अंडी पॉलिस्पर्मिक होती. ३६० ला २६, १२० ला ९७ आणि ५० ला १००. नेहमीच्या पाण्यातही २२ टक्के हे बघून जोडीदार दचकला. मला वाटतं, प्रयोगासाठी शुक्राणू मुद्दाम दाट घेतलेले असणार. लक्ष द्यायचं ते ३६० आणि १२० मधल्या उडीकडे.

आमचंही तसंच झालं. पातळ केलेल्या सोडियमच्या पाण्यात आवरण प्रत्येक अंड्याभोवती छान उचललं गेलं. वरून बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटावं. पण दहा-पंधरा मिनिटांनी होक्स्ट रंग देऊन चमक बघितली, तेव्हा एकेका अंड्यात दोन, तीन, काहींत त्याहून जास्त शुक्राणूंची केंद्रकं निळी चमकत होती. शेजारच्या नेहमीच्या पाण्यातल्या अंड्यांत बहुतेक ठिकाणी एकच. आवरण उचललं म्हणजे एकच शुक्राणू शिरला, असं समजून मोजणी करणाऱ्यांसाठी ही स्लाइड दाखवायला ठेवली आहे.

२५ जानेवारी

आज उलटी बाजू. वीज शाबूत, आवरण बिघडवलेलं. पाण्यात सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर घातलं. कॉर्टिकल कणांमधून येणारं कापणारं एन्झाइम त्याने बंद पडतं.

आवरण उचललं, पण अर्धवट. दुवे तुटले नाहीत, म्हणून ते जागोजागी पटलाला चिकटून राहिलं आणि मधल्या भागात फोड आल्यासारखं फुगलं. गोल कडं कुठेच नाही. आणखी एक गोष्ट दिसली. नेहमीच्या अंड्यावरून मिनिटा-दोन मिनिटांत गळणारे शुक्राणू इथे बराच वेळ चिकटूनच होते, कारण त्यांचे ग्राही छाटले गेले नव्हते. यातली काही अंडी पॉलिस्पर्मिक निघाली, पण २२ तारखेइतकी नाहीत. शुक्राणू फार दाट नसतील तर विजेचा अडसर एकटाही बराच भार पेलतो. मात्र तो तात्पुरता आहे. व्होल्टेज खाली येतं तेव्हा पटलाला शुक्राणू चिकटलेले असतील, तर त्यांना अडवायला काही राहत नाही.

२६ जानेवारी

मोजणी कशी करायची ते आज ठरवून टाकलं, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने मोजेल. होक्स्टचा मार्ग नेमका आहे, पण ती अंडी पुढे वाढवायची नसतात. जिवंत अंड्यात पहिलं विभाजन बघायचं. नेहमीच्या अंड्यांच्या बशीत बहुतेक अंडी दोन पेशींची झाली (आमच्या तापमानाला साधारण तासाभरात), त्याच क्षणी सगळ्या बशा वाचायच्या. एका अंड्याच्या एकदम तीन किंवा चार पेशी झाल्या असतील तर ते पॉलिस्पर्मिक. उशीर झाला तर निरोगी अंडीही दुसरं विभाजन करून चार पेशींची झालेली असतात आणि मग कोण कुठलं हे सांगता येत नाही.

एकदम चार का? सी-अर्चिनच्या अंड्याला विभाजनासाठी लागणारं सेंट्रोसोम शुक्राणू आणतो. एक शुक्राणू असेल तर त्याचं दुप्पट होऊन दोन ध्रुव होतात. दोन शुक्राणू असतील तर चार ध्रुव, आणि अंडं एकाच दमात चार भागांत फुटतं.

२९ जानेवारी

आजचा दिवस थेओडोर बोव्हेरी यांच्या नावाने. त्यांनी १९०२ मध्ये हीच दोन-शुक्राणूंची अंडी वापरून गुणसूत्रांबद्दल एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली. मॅडमनी ती आम्हाला आकड्यांत करायला लावली.

त्यांच्या जातीत अंड्याची १८ आणि शुक्राणूची १८ गुणसूत्रं. दोन शुक्राणू शिरले की एकूण ५४, म्हणजे प्रत्येक प्रकारची तीन. विभाजनाआधी त्यांची दुप्पट होऊन १०८ होतात आणि चार पेशींत वाटली जातात. सरासरी प्रत्येकीला २७. निरोगी पेशीला ३६ मिळतात, त्याच्या पाऊणपट. संख्येकडे बघितलं तर फार वाईट नाही. फक्त १८ गुणसूत्रं असलेली पेशीसुद्धा वाढू शकते, कारण तिच्याकडे प्रत्येक प्रकारचं एक तरी असतं.

खरी गोम वाटणीत आहे. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती चारपैकी दोन ध्रुवांकडे जातात, आणि कोणत्या दोन हे नशिबावर. म्हणजे ठरावीक एका पेशीला त्यातली एक मिळण्याची शक्यता निम्मी. एका प्रकारची तीन गुणसूत्रं आहेत. तिन्ही वेळा ती पेशी सुटून जाण्याची शक्यता निम्म्याची निम्मी आणि तिची निम्मी, म्हणजे १/८. निदान एक मिळण्याची शक्यता ७/८. अठराही प्रकार मिळायचे असतील तर:

```
(7/8)^18 ≈ 0.09
```

शंभरातल्या नऊच पेशींकडे पूर्ण संच असेल. चारही पेशी एकाच अंड्यात पूर्ण निघणं तर जवळपास अशक्यच. बोव्हेरींनी अशा अंड्यांच्या चार पेशी वेगळ्या करून वाढवल्या, तेव्हा चौघींचं भवितव्य वेगवेगळं निघालं. गुणसूत्रं नुसती एकसारखी पुडकी असती तर तसं झालं नसतं. तीन ध्रुवांच्या अंड्यांतून नीट वाढलेल्या अळ्या जास्त मिळाल्या, कारण तिथे प्रत्येक पेशीचा वाटा मोठा असतो. प्रत्येक गुणसूत्राची पेशीला वेगवेगळी गरज आहे, हा निष्कर्ष त्यांनी यातूनच काढला.

३० जानेवारी

वाचनाची नोंद, थोडक्यात. सस्तन प्राण्यांत विजेचा अडसर सापडत नाही. तिथे कॉर्टिकल कणांतलं ओव्हास्टासिन हे एन्झाइम अंड्याभोवतीच्या झोना पेल्युसिडा या आवरणातलं झेडपी२ प्रथिन कापतं, मग नवे शुक्राणू त्याला चिकटत नाहीत. शिवाय अंड्याच्या पटलावरचं जूनो हे प्रथिन, ज्याला शुक्राणूचं इझुमो१ धरतं, फलनानंतर अर्ध्या-पाऊण तासातच पटलावरून गळून जातं. सी-अर्चिनच्या मानाने हे संथ आहे, पण तिथे अंड्यापर्यंत पोचणारे शुक्राणूही मोजकेच असतात. प्रयोगशाळेत बशीत फलन करताना ही मोजकेपणाची सोय जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी, १६ ते १८ तासांनी, अंड्यात दोनच केंद्रकं आहेत ना हे बघतात. तीन दिसली तर ते अंडं वापरत नाहीत. मात्र तिसरं केंद्रक दुसऱ्या शुक्राणूचंच असेल असं नाही. अंड्याने आपला जादा संच बाहेर टाकला नाही तरी तीन दिसतात. अशा वेळी ध्रुवकाय, म्हणजे असा जादा संच घेऊन अंड्यातून बाहेर पडलेल्या छोट्या पेशी, मोजून बघाव्या लागतात.

काही प्राणी तर अडवतच नाहीत. पक्षी आणि सॅलमँडर यांच्या मोठ्या, बलकभरल्या अंड्यांत अनेक शुक्राणू शिरतात आणि एक सोडून बाकीचे आतच निकामी होतात.

१ फेब्रुवारी

काल दुपारच्या तीन बशा आज बघितल्या: नेहमीचं पाणी, कमी सोडियम आणि इनहिबिटर. नेहमीच्या पाण्यातले भ्रूण रात्रीतच आवरण विरघळवून बाहेर आलेले, केसल तंतूंनी गोल फिरत पोहत होते. बऱ्याच जणांत आतड्याची नळी आत वळलेली स्पष्ट दिसते.

कमी सोडियमच्या बशीतली अंडी फलनानंतर धुवून नेहमीच्याच पाण्यात वाढवली होती, त्यामुळे रात्रभराचा दोष पाण्यावर टाकता येत नाही. त्यांतली बरीचशी तळाशी पडलेली आहेत. काहींत लहान-मोठ्या पेशींचा सैल ढीग आहे, काहींत पोकळी न होता भरीव गोळा झालेला, काहींभोवती आवरण अजून तसंच. थोडे पोहणारेही आहेत. ते एकाच शुक्राणूचे असतील तर २२ तारखेच्या होक्स्टच्या मोजणीशी ताळा जमायला हवा. उद्या जोडीदार पोहणाऱ्यांचं प्रमाण मोजेल, मी इनहिबिटरची बशी.

पुढच्या आठवड्यात १२० आणि ३६० च्या मधल्या दोन पायऱ्यांचं पाणी करायचं आहे. कोलिन क्लोराइड ओल धरतं, बाटली डेसिकेटरमध्येच ठेवायची.